तुम्ही विचारलंत म्हणून: दाजी आमच्या ग्रुपमध्ये का नाहीत

«गावाचा एवढा मोठा द्राक्षाचा व्हॉट्सॲप ग्रुप असताना तुम्ही वेगळा का काढलात? आणि घरच्या दाजींनाच त्यात का घेतलं नाहीत?»

लग्नात, बेदाण्याच्या सौद्यात, अगदी दहाव्याला गेलो तरी कुणीतरी हे काढतंच. आजवर मी अर्धवट उत्तर देऊन सुटत आलो. आज सगळं सांगतो.

त्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला होता. माझ्या पुतण्याची सुपर सोनाकाची बाग छाटणीपासून अडतिसाव्या दिवसात होती, म्हणजे घड ऐन फुलोऱ्यात. संध्याकाळी त्याला पानांवर तपकिरी चट्टे दिसले. त्यानं एका पानाचा वरच्या बाजूनं फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त «हे काय आहे? काय मारू?» एवढंच. छाटणीची तारीख नाही, जात नाही, आधी काय फवारलं तेही नाही. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं ते दाजींचं, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचं; त्यांचं तासगावात शेतीच्या औषधांचं दुकान आहे. औषधाचं नाव, लिटरला किती, आणि «सकाळी दुकानात ठेवतो». त्यामागून आणखी दोन दुकानदारांनी आपापली नावं टाकली. मग शेतकऱ्यांची उत्तरं सुरू झाली. कुणी डाऊनीचा रोग म्हणालं, कुणी करपा, कुणी नुसते हात जोडले. पोरगं घाबरलेलं होतं. घरात जी औषधं होती ती त्यानं पहिल्या दोन उत्तरांप्रमाणे एकत्र कालवली आणि रात्रीच फवारणीचा ब्लोअर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतः बागेत गेले. त्यांनी पान उलटं केलं. खाली पांढरी बुरशी नव्हती. डाऊनी असती तर पावसाळी रात्रीनंतर पहाटे पानाच्या खालच्या अंगाला कापसासारखी पांढरी वाढ दिसली असती आणि वर तेलकट पिवळा डाग. इथं चट्टे होते ते पानाच्या कडेला, जिथं फवारणीचं पाणी ओघळून थांबतं. शिवाय आठवड्यापूर्वीच्या फवारणीच्या वेळी जी पानं वेलीवर होती तीच भाजली होती. त्यानंतर फुटलेली शेंड्याची पानं स्वच्छ होती. रोग असा तारीख बघून पानं निवडत नाही. तो औषधाचा चटका होता, आणि त्याच्यावर आम्ही रात्री आणखी औषध मारलं होतं. दाजींनी जागेवरच सांगितलं, «आता आठ दिवस काही मारू नका.» पण फुलोऱ्यातल्या घडांना बसायचा तो मार बसला होता. त्या ओळींत मणी विरळ राहिले आणि तो माल पेटीत न जाता बेदाण्याला गेला.

मला छळतं ते हे. बागेत उभा राहिलेला तोच माणूस बरोबर होता आणि फोनवरचा तोच माणूस चुकला होता. ज्ञान कमी नव्हतं. ग्रुपवर उत्तर आधी द्यायची घाई होती, कारण तिथं त्यांच्या शेजारी आणखी दोन दुकानं बसलेली होती. जो गप्प राहिला त्याचं गिऱ्हाईक गेलं. शेतकऱ्याचा प्रश्न तिथं पडला की त्याची ऑर्डर होते, मग विचारणारा कुणीही असो आणि सांगणारा कितीही भला असो.

म्हणून मी वेगळा ग्रुप काढला. रागानं काढला असं म्हणणाऱ्यांना सांगतो, राग होता. पण नुसत्या रागानं काढला असता तर पहिल्याच दिवशी भरमसाट माणसं ओढून घेतली असती. व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली, तेव्हा गावाचा ग्रुप फुगतच गेला होता. मी उलटं केलं. माझ्यासोबत त्याच दहा दिवसांत छाटणी घेणारे फक्त शेतकरी घेतले, मला धरून अकरा जण, आणि दुकानदार एकही नाही. कारण द्राक्षात सगळा हिशेब छाटणीच्या तारखेपासूनच्या दिवसांवर चालतो. सप्टेंबरात छाटलेल्याची बाग फुलोऱ्यात असते तेव्हा माझी पोंग्यात असते, म्हणजे डोळे नुकते फुटत असतात. त्याचं उत्तर माझ्या कामाचं नाही, आणि मी ते ऐकलं तर नुकसानच.

नावही त्यातूनच आलं. गावाचं नाव, जय किसान, बळीराजा असलं सगळं सुचवून झालं होतं. नाव लांब ठेवता येतं, पण फोनच्या यादीत सुरुवातीचे दोन-तीन शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं. म्हणून तारीख पुढे घेतली: «५ ते १५ ऑक्टोबर छाटणी». ज्याची छाटणी वीस तारखेची आहे त्याला नाव वाचूनच कळतं की हे आपल्यासाठी नाही, मला नकार द्यावा लागत नाही. निदान मला तसं वाटलं होतं.

चित्रावर जास्त वाद झाला. कुणाला देव हवा होता, कुणाला नेत्याचा फोटो, एकाला आपल्या बागेतला घड. देव ठेवला की सकाळी नमस्कार सुरू होतात, नेता ठेवला की निवडणुकीत ग्रुप फुटतो, आणि एकाचा घड ठेवला की बाकीच्यांची बाग दुय्यम. मला रोगट पानाची खालची बाजू हवी होती, म्हणजे प्रश्न विचारण्याआधी पान उलटायची आठवण राहील. पण यादीत ते चित्र नखाएवढं गोल दिसतं आणि त्यात पान म्हणजे नुसता मातकट ठिपका. शेवटी हिरव्या रंगावर पांढरी छाटणीची कात्री ठेवली. पहाटे चष्मा नसतानाही ती ओळखू येते.

कामाचा क्रम सांगतो, कारण पुष्कळांना तोही हवा असतो. आधी मी आणि माझा एक मित्र असा दोघांचाच ग्रुप केला. नाव, चित्र आणि वर्णन लिहून ठेवलं. वर्णनात एकच नियम: पानाचे दोन फोटो, वरून आणि खालून, सोबत जात, छाटणीनंतरचा दिवस, शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषध. मग सेटिंगमध्ये जाऊन नाव-चित्र बदलायचा अधिकार फक्त ॲडमिनकडे घेतला. नवीन ग्रुपमध्ये तो सगळ्यांनाच असतो, आणि तसाच ठेवला तर पहिल्या सणाला कात्रीच्या जागी शुभेच्छा येतात. एवढं झाल्यावरच बाकीच्यांना आणलं, म्हणजे आत येणाऱ्याला नियम आधीपासून लिहिलेला दिसला.

आणताना प्रत्येकाला आधी फोन केला. आमच्यात एक वहिनी आहेत, नवरा गेल्यापासून बाग एकट्या बघतात. त्यांनी विचारलं, «माझा नंबर सगळ्यांना दिसणार का?» दिसतो. ग्रुपमध्ये आल्यावर प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, तो लपवता येत नाही. मी त्यांना बाकीच्या दहा जणांची नावं सांगितली, त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हणाल्या. गावाच्या ग्रुपवर त्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती. इथं सर्वांत नेमका फोटो त्यांचाच येतो. संशयी पान ओल्या कागदासोबत पिशवीत घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खाली पांढरं आलं का बघायचं, हे त्यांनीच आम्हाला लावून दिलं.

दुसरा ॲडमिन मिळता मिळेना. कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर केस ॲडमिनवर होते, अशी सगळ्यांना भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू दिसायला लागतो. हे समजावल्यावर मित्र तयार झाला.

आता दाजी. त्यांना बाहेरून कळलं. तासगावात दुकानासमोर भर बाजारात मला थांबवून म्हणाले, «काय पाव्हणं, आम्ही काय चोर आहोत का?» मी म्हणालो, दुकानदार कुणीच नाही, नियम आहे. ते म्हणाले, «तुमच्या बापाच्या आजारपणात दोन वर्षं औषधाची उधारी मी मागितली नाही, तेव्हा कुठला नियम होता?» माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खरंच होतं. त्या दिवाळीला ताई भाऊबीजेला आली नाही. आईनं ताट करून ठेवलं होतं.

तेव्हा मी मनात म्हणायचो, नियम सगळ्यांना सारखा, मग दाजींना वाईट वाटायचं कारणच नाही. आज ते वाक्य मला पोकळ वाटतं. सारखा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. बाकीच्या दोन दुकानदारांनी मला बापाच्या आजारपणात सांभाळलं नव्हतं. आणि ज्ञानाचाही तोटा आहेच. आम्ही अकरा जण अकरा बागा बघतो, दाजी हंगामात शेकडो बघतात. एका वर्षी शेजारच्या पट्ट्यात डाऊनी सुरू झाल्याचं त्यांना आमच्या आधी कळलं होतं. ते आमच्यात असते तर आम्हालाही तेव्हाच कळलं असतं.

तरीही त्यांना घेतलं असतं तर बाकीच्या दोघांना कुठल्या तोंडानं नाकारलं असतं, हे मला कुणी सांगत नाही. विचारणारे सगळे घरचा माणूस म्हणतात, शेजारच्या दुकानाचं बोलत नाहीत. मी दाजींना बागेत बोलावतो, चहाला बसवतो, औषध अजून त्यांच्याकडूनच घेतो. ते येतात. पण पहिल्यासारखं बोलत नाहीत.

नियमही आता डळमळतोय. छाटणी दरवर्षी त्याच दहा दिवसांत होत नाही. गेल्या हंगामात आमच्यातल्या तिघांनी सप्टेंबरअखेरच छाटली, म्हणजे नावाप्रमाणे ते बाहेर. पण माणसं एकमेकांना लागली आहेत, कुणी बाहेर पडायला तयार नाही, आणि काढायला माझा हात होत नाही. त्यांच्या फोटोखाली दिवस लिहिलेला असतो म्हणून अजून गोंधळ झालेला नाही, एवढंच.

आणि यंदा भाच्यानं, म्हणजे दाजींच्या मुलानं, आजोबांची दीड एकर बाग स्वतःच्या हातात घेतली. छाटणी नऊ ऑक्टोबरला. जात, दिवस, फवारणीची नोंद सगळं वहीत चोख. त्यानं मला फोन करून ग्रुपमध्ये घ्या म्हटलं. नियमानं तो बसतो. संध्याकाळी तोच पोरगा दुकानाच्या काउंटरवरही बसतो. वहिनी म्हणतात घ्या. मित्र म्हणतो घेतलास की दुसऱ्या दुकानाचा पुतण्या उद्या येईल, त्याचीही बाग आहे. रविवारी आम्ही सगळे माझ्या बागेत जमणार आहोत, आणि मी काय बोलणार ते मला अजून ठरवता आलेलं नाही.