दोन कसोट्यांच्या मधलं नाशिक

क्रिकेटची मालिका धरून सुट्टी आखायची म्हटली की सगळे आधी तिकिटांच्या मागे लागतात. आम्ही मित्रांनी आधी मालिकेतली मोकळी जागा शोधली. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडचा संघ आला होता. दुसरी कसोटी पुण्याजवळ गहुंजेला 24 तारखेपासून, तिसरी वानखेडेवर 1 नोव्हेंबरपासून, आणि मधे दिवाळी. कसोटी पाचही दिवस चालली असती तरी 29 ते 31 हे तीन दिवस हातात राहणार होते. पुणे, मुंबई, नाशिक हा त्रिकोण आहे, आणि आमचा एक जण नाशिकचाच. मुक्काम त्याच्या घरी ठरला.

तिकिटं दोन्हीकडे पहिल्या तीनच दिवसांची घेतली. बंगळुरूला आपला डाव 46 धावांत आटोपला होता आणि आपण हरलो होतो. त्यानंतर वॉशिंग्टन सुंदरला संघात बोलावलं, तेव्हाच पुण्यात चेंडू वळणार हे दिसत होतं. वळणाऱ्या खेळपट्टीवर पाचवा दिवस क्वचितच उजाडतो. चौथा-पाचवा दिवस झालाच तर बघू, पण ते दिवस मोकळे ठेवायचे, असा मास्तरांचा आग्रह होता. मास्तर म्हणजे आमच्यातले गणिताचे शिक्षक. त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

गहुंजेचं थोडक्यात सांगतो, कारण जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा स्टँड उघडा होता, ऑक्टोबरचं ऊन थेट डोक्यावर. पहिल्या दिवशी सुंदरने सात बळी घेतले तेव्हा उन्हाचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सँटनरने आपल्या डावाची वाट लावली, आणि त्याच्या फुलटॉसवर कोहलीचा त्रिफळा उडाला तेव्हा आख्खं मैदान गप्प झालं. तिसऱ्या दिवशी 359 चा पाठलाग. जेवणाला 1 बाद 81, जैस्वाल सुटलेला, आमच्या रांगेत सगळे उभे राहून ओरडत होते. जेवणानंतर सँटनर पुन्हा आला. तो वेग बदलत होता, टप्पा मात्र सोडत नव्हता. चहापर्यंत सात जण परतले होते. त्यानंतर थोड्याच वेळात सामना संपला आणि मालिकाही गेली. 2012 मध्ये इंग्लंडने हरवल्यापासून घरच्या मैदानावर आपण मालिका हरलो नव्हतो. सँटनरचे सामन्यात तेरा बळी. मैदानातून निघताना कोणी बोलत नव्हतं.

शनिवार होता. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा दोन दिवस आधीच आम्ही मोकळे झालो होतो. गहुंजेहून नाशिकला जायला पुण्यात शिरावं लागत नाही. तळेगावहून चाकणला निघायचं आणि नाशिक रस्ता धरायचा. चाकणला तेवढा जीव अडकतो. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर, सिन्नर. पुणे-नाशिक थेट रेल्वेमार्ग नाही, म्हणून हा टप्पा गाडीनेच. सिन्नरला चहा घेतला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी सामन्याबद्दल बोललं. मग नाशिक येईपर्यंत बोलणं थांबलं नाही.

रविवारी काहीही केलं नाही, आणि मालिका बघायला निघणाऱ्या प्रत्येकाने असा एक दिवस ठेवावाच असं माझं मत आहे. तीन दिवस उन्हात सिमेंटच्या पायरीवर बसलं की पाठ, मान आणि घसा तिन्ही संपतात. लगेच ब्रह्मगिरी चढायला गेलात तर ना डोंगर अंगी लागतो ना पुढचा सामना. आम्ही उशिरा उठलो, मिसळ खाल्ली (पापड रश्शात चुरून, नाशिककर मित्र सांगेल तशी), दुपारी झोपलो, संध्याकाळी गोदाघाटावर जाऊन बसलो. दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती, पण रामकुंडाच्या पायऱ्यांवर जागा मिळाली.

सोमवारी सकाळी पांडवलेणी. शहरापासून मुंबई-आग्रा महामार्गाने थोडं बाहेर, त्रिरश्मी डोंगराच्या पोटात चोवीस लेणी. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण लवकर निघालं तर दमछाक होत नाही. बहुतेक लोक मोठ्या मूर्तींपुढे फोटो काढून उतरतात. तुम्ही तिसऱ्या आणि दहाव्या लेण्याला अर्धा-अर्धा तास द्या. दोन्ही ठिकाणी भिंतीवर ब्राह्मी लेख आहेत, आणि ते एकमेकांच्या शत्रूंचे आहेत.

दहावं लेणं नहपान क्षत्रपाच्या जावयाने, उषवदाताने, खोदवलं. तिसरं गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, गौतमी बलश्रीचं दान. याच गौतमीपुत्राने नहपानाच्या घराण्याचा बीमोड केला, आणि नातवाच्या राज्यात आजीने ते भिंतीवर कोरून ठेवलं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात 1906 साली नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतला होता. जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकाच डोंगरात, सात लेण्यांच्या अंतरावर. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली धिप्पाड यक्ष तुळया खांद्यावर घेऊन उभे आहेत. जवळ जाऊन पाहिलं की ओसरीचा सगळा भार त्यांनी पेलल्यासारखा वाटतो.

मास्तर मात्र दहाव्या लेण्यातून हलेनात. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले, असं तिथल्या लेखात आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक व्याजाने. हजार दुसरीकडे, महिन्याला शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. मास्तरांनी तिथेच हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. लेख म्हणतो, लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैसा न पैसा जुळला. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद भिंतीवर आहे आणि तो बरोबर आहे. उतरताना ते म्हणाले, "हे मी वर्गात चक्रवाढ व्याजाच्या आधी शिकवणार." आणि ते नक्की शिकवतील.

त्याच दिवशी वसुबारस होती. संध्याकाळी मित्राच्या मामांच्या दिंडोरीजवळच्या मळ्यात गेलो. गाय-वासराची पूजा झाली आणि उजेड होता तोवर मामांनी बाग दाखवली. ऑक्टोबरच्या शेवटी नाशिकला येऊन द्राक्षं खायला मिळत नाहीत, हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवावं. हा छाटणीचा हंगाम. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. छाटणीपासून माल तयार व्हायला चार महिने तरी लागतात. मामांच्या एका प्लॉटमध्ये डोळे पोंगा अवस्थेत होते, कापसासारखे फुगलेले. आधी छाटलेल्या प्लॉटमध्ये करंगळीएवढे घड दिसत होते आणि बायका फेलफुटी काढत होत्या, म्हणजे ज्या फुटीला घड नाही ती खुडून टाकायची. मामा प्रत्येक पान उलटं करून बघत होते. या दिवसांत पाऊस पडला किंवा सकाळी दव जास्त राहिलं तर पानाला डाऊनी येतो. वरून तेलकट पिवळा डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी. डाग घडापर्यंत पोचला तर घडच जातो.

मामांनी सामना टीव्हीवर पूर्ण पाहिला होता. त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि गहुंजेची खेळपट्टी आम्हाला मातीतून समजावली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. तिच्यावर चेंडू बसका राहतो, हळू येतो. "म्हणून तो सँटनर नुसता वेग बदलून घेत होता. वानखेडेला तांबडी माती, तिथे चेंडू उडेल," मामा म्हणाले. बागेत ते हेच बघतात: भारी काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचतं, म्हणून पाण्याचा निचरा आधी बघायचा. तीन दिवस मैदानात बसून मला जे कळलं नव्हतं ते त्या ढेकळाने कळलं.

पुढचे दोन दिवस सैल ठेवले होते. एका सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, चालायला गेलो. महाराष्ट्राचे रणजी सामने इथे होतात. 1909 साली नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेरेंचं नाव या मैदानाला आहे. सराव करणारी पोरं बघत तासभर उभे राहिलो. धनत्रयोदशीला सराफ बाजारातून वाट काढणं हा वेगळाच सामना होता.

31 तारखेला नरक चतुर्दशी. पहाटे मित्राच्या आईने सगळ्यांना एकेक करून पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं दिलं, ओवाळलं. फराळ करून दुपारच्या गाडीने मुंबई गाठली. आदल्या दिवशीच जायला हवं, कारण सकाळची पंचवटी मुंबईत पोचेपर्यंत साडेनऊचा खेळ कधीच सुरू झालेला असतो. दादरला मास्तरांच्या बहिणीकडे राहिलो. तिथून चर्चगेट लोकलने वानखेडे अगदी सोयीचं.

मामांचं म्हणणं पहिल्याच दिवशी पटलं. चेंडू वळत होता आणि उसळतही होता. जडेजाने पाच घेतले, पण संध्याकाळी आपले गडी पटापट गेले आणि कोहली धावबाद झाला. तिसऱ्या दिवशी हवे होते फक्त 147, आणि 29 वर पाच गेले. न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाझ पटेल याच मुंबईत जन्मलेला. याच मैदानावर 2021 मध्ये त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते. यावेळी सामन्यात अकरा. पंत 64 वर खेळत होता तोवर स्टेडियम हलत होतं. मग झेलाचा रिव्ह्यू झाला, पंच नाबाद म्हणाले होते ते बदललं, आणि पंधरा धावांनंतर सगळं आटोपलं. 25 धावांनी हार, मालिका 0-3. तीन कसोटींच्या मालिकेत घरी असं आपल्याबाबतीत कधीच झालं नव्हतं. तरी एजाझ परतताना आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुपार नुकती कलली होती आणि त्या दिवशी भाऊबीज होती. मास्तर दादरला उतरले ते थेट बहिणीकडे ओवाळून घ्यायला. नाशिककर मित्राने संध्याकाळची पंचवटी पकडली. त्याची बहीण ताट तयार ठेवून रात्री जागी राहणार होती. पंतची बॅट चेंडूला लागली होती की पॅडला, यावर तो इगतपुरी येईपर्यंत मला फोनवर समजावत होता. घाटात रेंज जात होती, तरी तो पुन्हा पुन्हा लावत होता. मला अजूनही पंत नाबाद वाटतो.