नेव्ही ब्लू ब्लेझर वाईन करून राहिलो (बटणं, लॅपल, टाके जसेच्या तसे) – आतापर्यंत कुठवर आलो

तर मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं की मामेभावाच्या साक्षगंधाचा फोटो हातात घेतलाय, त्याचंच पुढचं. भावाने साक्षगंधात नेव्ही ब्लू ब्लेझर घातला होता. लग्नासाठी वाईन कलरचा शिवायला टाकलाय दारव्ह्याला, पण तो तयार व्हायला वेळ आहे आणि पत्रिका बॅनर आत्ताच पाहिजे, म्हणून मामी म्हणे, "तूच फोटोतला वाईन करून दे ना बाप्पा, पण कोट खरा दिसला पाहिजे, लोकं जवळून पाह्यतात." फोटो मोबाईलवरचा, 4000 बाय 3000 चा, अंगणात मांडवाच्या सावलीत काढलेला. ब्लेझरला पुढे दोन पितळी बटणं, डाव्या बाहीला चार, आणि लॅपलच्या कडेने मोतिया रंगाच्या धाग्याचे बारीक उठून दिसणारे टाके. हे टाकेच सगळ्यात जास्त त्रास देणार हे पहिल्याच दिवशी कळलं.

पहिला दिवस, Hue-Saturation

GIMP 2.10 मध्ये आधी सगळे करतात तेच केलं, ब्लेझर सिलेक्ट केला आणि Colors > Hue-Saturation मध्ये Hue चा स्लायडर लालकडे ओढला. दुरून ठीक वाटलं, पण 200 टक्क्यांवर गेलो तर तीन गोष्टी दिसल्या. बटणं सिलेक्शनमध्येच राहिली होती म्हणून गुलाबी झाली, ते तर सोपं, बाहेर काढता येतात. दुसरं, खांद्यावर जिथे उजेड पडलाय तिथे लाल चढला आणि घड्यांमध्ये ठिपके ठिपके आले, कारण अंधारातल्या निळ्यात मुळात रंगच फार कमी, तिथला प्रत्येक पिक्सेल थोडा वेगळ्या दिशेला झुकलेला असतो आणि स्लायडर तो झुकाव तसाच फिरवतो, कोणता लाल तर कोणता हिरवट. तिसरं, टाके जांभळे.

टाक्यांचं कारण समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. मोबाईलचा JPEG सहसा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतो पण रंगाची माहिती उभी आडवी दोन्हीकडे अर्धीच ठेवतो, म्हणजे चार पिक्सेलमध्ये मिळून एकच रंग. आपला टाका फोटोत दोनतीन पिक्सेलचाच जाड. म्हणजे धाग्याचा आकार नीट साठवलेला आहे, पण त्याच्या रंगात शेजारच्या कापडाचा निळा आधीपासूनच मिसळलेला. मूळ फोटोत ते डोळ्याला खटकत नाही कारण आजूबाजूला निळाच आहे, वाईनच्या मध्ये ठेवलं की लगेच खटकतं. म्हणून "टाके सोडून बाकी रंगव" हा उपाय इथे चालतच नाही, कितीही बारीक मास्क करा, निळी कड राहतेच. मी एका लॅपलचे सगळे टाके एकेक करून बाहेर काढून पाहिले, रात्रीचे दीड वाजले आणि वर लाईन गेली, आणि सकाळी पाहतो तर निळी कड जशीच्या तशी.

कातरण

यातून सुटका झाली ती कातरणीमुळे. टेलरकडे माप द्यायला भाऊ गेला तेव्हा त्याला म्हटलं की वाईन कापडाचा एक तुकडा घेऊन ये, वितभर आणला त्याने. तो तुकडा त्याच अंगणात, साक्षगंधाच्या फोटोच्याच वेळेला, दुपारी चारच्या सुमारास, सावलीत, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून त्याच मोबाईलने काढला. सपाट नाही ठेवला बरं का, दुमडून दोनतीन घड्या पाडल्या, म्हणजे उजेडातला वाईन, मधला वाईन आणि घडीतला वाईन असे तिन्ही मिळाले. Color Picker ला Sample average लावून हे आले:

```
घडीत      #17070B
मधला      #5A1A2A
उजेडात    #8A4050
```

हे तिन्ही शेजारी ठेवून पाहा, एकाच कापडाचे वाटत नाहीत. घडीतला जवळपास काळा, आणि उजेडातला चक्क राखाडीकडे झुकलेला. आपण एकच वाईन रंग घेऊन वर लेयर टाकतो आणि मोड कलर करतो तेव्हा घडीतही तेवढाच भडक लाल जातो, म्हणून तो कोट रंगात बुडवून काढल्यासारखा दिसतो. मामीने पहिला ट्रायल पाहून हेच म्हटलं होतं, "हा तं आतून पेटून राह्यला."

Gradient Map

आता मुद्द्याचं. ब्लेझरच्या लेयरची कॉपी केली, Colors > Desaturate > Desaturate मध्ये Luminance ठेवून ती राखाडी केली. मग राखाडीवर तीन जागा मोजल्या. मूळ ब्लेझरची घडी 255 पैकी 13, मधला भाग 51, खांद्याचा उजेड 95. टक्क्यात म्हणजे 5, 20 आणि 37. आणि टाके? ते 140 च्या वर, म्हणजे 55 टक्क्यांच्या पुढे. कापडाचा एकही भाग तिथपर्यंत पोचत नाही!

हे पाहिलं आणि खरंच खुर्चीवरून उठलो. Gradient Map काय करतो तर पिक्सेल किती उजळ आहे ते पाहून ग्रेडियंटमधल्या त्या जागेचा रंग त्याला देतो, जुना रंग पूर्ण टाकून. म्हणजे ग्रेडियंटचा डावा भाग कापडाचा आणि उजवा भाग धाग्याचा करायचा. Gradients मध्ये नवा ग्रेडियंट करून असा बांधला:

```
0%     #080304
5%     #17070B
20%    #5A1A2A
37%    #8A4050
55%    #8C8A82
100%   #FFFFFF
```

55 वर जो मोतिया राखाडी आहे तो तेवढाच उजळ ठेवलाय जेवढा तो फोटोत होता, पुढे सरळ पांढऱ्यापर्यंत, म्हणजे टाक्यांचा उजेड बदलत नाही, फक्त त्यातला निळा जातो. Colors > Map > Gradient Map दिलं आणि लॅपलची कड 300 टक्क्यांवर पाहिली. प्रत्येक टाका जागेवर, दोन टाक्यांमधली खाच जागेवर, टाक्याखालची बारीक सावली जागेवर, आणि निळी कड कुठेच नाही. एकाही टाक्याला ब्रश लावला नाही. 37 ते 55 च्या मध्ये जे पिक्सेल येतात ते अर्धे धागा अर्धे कापड असतात, ते फिकट गुलाबी राखाडी होतात आणि खऱ्या कापडावरही तिथे तसंच दिसतं.

हे चाललं कारण धागा कापडापेक्षा खूप उजळ होता. धागा कापडाच्याच रंगाचा असेल तर काही करायचीच गरज नाही, तो कापडासोबत बदलला तरी चालतो. पण धागा लाल आणि कापड निळं, दोन्ही सारखेच गडद, असं असेल तर ग्रेडियंटला दोन्ही एकच वाटतील, तिथे ही युक्ती लागू नाही.

लॅपल सपाट झाला ती चूक

पहिल्यांदा मी 0 टक्क्यावर #3A101A ठेवला होता, वाटलं की वाईन कोट आहे तर अंधारातही वाईन दिसला पाहिजे. रंग मस्त आला, पण काहीतरी बिघडलं होतं आणि बराच वेळ कळेना काय. मग मूळ आणि नवा दोन्ही राखाडी करून लेयरचा डोळा चालू बंद करत पाहिलं, तेव्हा दिसलं. लॅपल छातीवर वळतो तिथे त्याच्या खाली एक सुतासारखी काळी रेघ असते, आणि कॉलर लॅपलला मिळते त्या खाचेतही तसाच काळोख. लॅपल कापडापासून उचललेला आहे हे डोळ्याला तिथूनच कळतं. माझ्या ग्रेडियंटने तो काळोख तपकिरी केला आणि लॅपल कोटावर पेनाने काढल्यासारखा झाला. आकार एक पिक्सेल हलला नव्हता तरी. 0 वर #080304 केल्यावर लॅपल परत उचलला. तेव्हापासून रंग बदलला की आधी राखाडीत तुलना करतो, रंग नंतर पाहतो.

बटणं

बटणं मात्र हातानेच. Ellipse Select ने प्रत्येक बटण, Feather 1 पिक्सेल, आणि लेयर मास्कवर काळं. बटणाखालची चंद्रकोरीसारखी सावली बाहेर काढायची नाही, ती कापडाची आहे, तिला वाईनच होऊ द्या, नाहीतर बटणाभोवती निळं कडं राहतं.

एवढं करूनही पुढची दोन बटणं चिकटवल्यासारखी दिसत होती. झूम करून पाहिलं तर पितळेच्या गोल काठात निळी झाक, चकचकीत धातू आहे, त्यात बाजूचं कापड दिसणारच. म्हणून बटणाच्या फक्त काठावर मास्क एकदम काळा न ठेवता मऊ ब्रशने गडद राखाडी केला, साधारण 20 टक्के वाईन उतरेल एवढा, आणि मधला नक्षीचा भाग अजिबात नाही. बटण लगेच कोटात बसलं. तसाच निळा शर्टाच्या कॉलरच्या खालच्या काठावरही होता, तिथे फक्त रंग कमी केला.

काही राहिलं का हे पाहायची माझी पद्धत अशी की Colors > Saturation उघडून Scale तिनाच्या आसपास न्यायचा. फोटो भयंकर दिसतो पण राहिलेला निळा दिव्यासारखा चमकतो. उजव्या काखेत आणि खिशाच्या तोंडाशी मला असा निळा सापडला, सिलेक्शन तिथे थोडं आत राहिलं होतं. पाहून झालं की Cancel, चुकूनही OK नाही.

प्रिंट

4 बाय 6 चा प्रिंट तालुक्याहून काढून आणला. स्क्रीनवर जो वाईन होता तो कागदावर घड्यांमध्ये काळा पडला, बाहीवरच्या दोन घड्या तर एक होऊन गेल्या. सगळा फोटो उजळ केला असता तर भावाचा चेहरा पांढरा झाला असता, म्हणून ग्रेडियंटमधला 20 चा मधला थांबा तेवढा 17 वर आणला. थांबा डावीकडे सरकला की तोच मधला वाईन जरा जास्त अंधारातल्या पिक्सेललाही मिळतो, घड्या उघडतात, आणि 0 व 5 ला हात लावला नाही म्हणून लॅपलखालची रेघ तशीच राहते. दुसऱ्या प्रिंटवर कातरण ठेवून ओसरीत उजेडाला धरलं, छातीजवळ तर तुकडा कुठे संपतो आणि फोटो कुठे सुरू होतो ते हातभर अंतरावरून ओळखू येत नव्हतं. मामी चष्मा लावून टाके मोजत बसली.

बाहीची चार बटणं अजून बाकी आहेत. ती एकमेकांना चिकटून आहेत आणि एकाच्या काठात शेजारचं बटण दिसतं, कापड नाही, म्हणून तिथे 20 टक्के वाईन सगळ्या काठावर फिरवता येणार नाही, फक्त पहिल्याच्या वरच्या आणि चौथ्याच्या खालच्या बाजूला, आणि कापडाकडच्या कडांना. आज रात्री लाईन राहिली तर तेच करतो.