पॅकेजचं एकरकमी बिल आणि न गेलेले तिघे : हिशेब कुठे अडला, कसा सुटला

"पॅकेजमध्ये फोड करून देत नाही." सहलीचं बिल वाटायला बसलो तेव्हा आयोजकाच्या ऑफिसकडून हे वाक्य मला दोनदा ऐकायला मिळालं. अख्खा हिशेब त्या एका वाक्यापाशी अडून बसला होता. बाकी सगळं, म्हणजे वाटेतला खर्च, प्रत्येकाची किरकोळ खरेदी, कुणी कुणाचे सुटे दिले, हे अर्ध्या तासात मिटलं. त्यामुळे इथे त्या अडलेल्या जागेबद्दलच लिहितो.

आम्ही आठ जण होतो. राहणं, जेवण, गाडी आणि दोन साहसी खेळ असं सगळं धरून बिल आलं ५६,००० आणि तेही एकाच ओळीत. तिघांनी खेळ करणार नाही असं बुकिंगच्या आधीच सांगितलं होतं. पण पॅकेज 'ग्रुपला' मिळतं, माणशी काही वगळता येत नाही, असं ऑफिसचं म्हणणं होतं. म्हणून आठही जणांचं घेतलं.

आता वाटणी. सरळ आठाने भागलं तर माणशी ७,००० येतात. पाचजणांना हे बरं वाटतं, तिघांना टोचतं आणि ते टोचणं रास्त आहे. खेळांचा तंबू लांबूनही न पाहणाऱ्याने त्याचे पैसे का द्यावेत?

मग कुणीतरी दुसरं टोक सुचवतं: खेळांचा दर माणशी ३,५००, तेवढे तिघांना वजा करा. ७,००० वजा ३,५०० म्हणजे तिघांना प्रत्येकी ३,५००. ऐकायला बरोबर वाटतं, पण उरलेले ४५,५०० पाचजणांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी ९,१००. या पाचजणांनी राहणं आणि खेळ सुटे सुटे घेतले असते तरी इतका खर्च आला नसता. चूक वजाबाकीत आहे. ७,००० हा सवलतीनंतरचा आकडा आणि ३,५०० हा सवलतीआधीचा. दोन वेगळ्या मापांचे आकडे एकमेकांतून वजा केले की सवलतीचा मोठा वाटा न गेलेल्यांच्या पदरात जातो आणि ते आपल्या राहण्या-जेवणाच्या खऱ्या किमतीपेक्षाही कमी देतात.

यातून बाहेर पडायला एकच आकडा हवा होता: खेळ सोडून बाकीचं, आठ जणांना, त्याच तारखांना किती पडलं असतं? तो ऑफिस देत नव्हतं. पहिल्यांदा फोन केला तेव्हा 'फोड मिळत नाही'. दुसऱ्यांदा 'साहेब आले की सांगतो'. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलं उत्तर. यात दोन दिवस गेले आणि तेवढ्यात ग्रुपवर तिघे विरुद्ध पाच असे तट पडायची चिन्हं दिसू लागली.

शेवटी प्रश्न बदलला आणि उत्तर दहा मिनिटांत आलं. 'आमच्या बिलाची फोड द्या' हे वाक्य सोडून दिलं. त्याऐवजी नवीन गिऱ्हाईक विचारेल तसं विचारलं: 'आठ जणांना फक्त राहणं, जेवण आणि गाडी हवी असेल तर किती? आणि दोन्ही खेळांचं एका माणसाचं तिकीट सुटं घेतलं तर किती?' फोड मागितली की ऑफिसला वाटतं हा पैसे परत मागणार. दर विचारला की तोच माणूस लगेच कोटेशन पाठवतो. उत्तर मेसेजवरच घ्या, तोंडी नको, कारण पुढे तो आकडा सगळ्यांना दाखवावा लागतो.

कोटेशन घेताना दोन जागी घसरायला होतं. पहिली म्हणजे तारखा. शनिवार-रविवारचे दर वेगळे असतात. आपण गेलो त्याच वारांचा आणि त्याच हंगामाचा दर विचारायचा. दुसरी म्हणजे कर. पॅकेजचं बिल करासकट असतं, पण सुटा दर सांगताना बऱ्याचदा कर धरत नाहीत. एक आकडा करासकट आणि दुसरा करावाचून असेल तर पुढचं सगळं गुणोत्तर तिरकं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. 'करासकट एकूण किती द्यावे लागतील' असंच विचारायचं.

आलेले आकडे असे: राहणं-जेवण-गाडी आठ जणांना ४०,०००, म्हणजे माणशी ५,०००. दोन्ही खेळ माणशी ३,५००.

आता हिशेबाची पद्धत. पॅकेज नसतं तर प्रत्येकाला सुटं किती पडलं असतं ते आधी मांडायचं. न जाणाऱ्या तिघांना ५,००० प्रमाणे १५,०००. जाणाऱ्या पाचजणांना ८,५०० प्रमाणे ४२,५००. एकूण ५७,५००. प्रत्यक्ष बिल ५६,०००. म्हणजे तीन जागा रिकाम्या जाऊनही पॅकेज १,५०० ने स्वस्तच पडलं. वाद ज्या 'वाया गेलेल्या तीन जागां'वरून चालला होता त्यांचं ओझं कुणावरच नव्हतं. हे कागदावर दिसलं तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

ती १,५०० ची बचत सगळ्यांना त्यांच्या सुट्या रकमेच्या प्रमाणात द्यायची. ५६,००० भागिले ५७,५०० म्हणजे ०.९७३९. प्रत्येकाच्या सुट्या रकमेला याने गुणायचं:

```
न गेलेले:  5000 × 56000 / 57500 = 4870
गेलेले:    8500 × 56000 / 57500 = 8278
ताळा:      3 × 4870 + 5 × 8278 = 56000
```

काहीजण म्हणतात बचत सरळ आठाने भागा. त्याने तिघांना प्रत्येकी साधारण ५७ कमी पडतात आणि पाचजणांना ३४ जास्त. बचत लहान असेल तर कोणतीही रीत चालेल, पण ती आकडे मांडण्याआधी ठरवा. मला प्रमाणाचीच रीत पटते, कारण सवलत रकमेवर मिळते आणि ज्याने जास्त घेतलं त्याच्यामुळे ती जास्त मिळते.

या रीतीची एक मर्यादा मात्र माहीत असायला हवी. समजा पाचऐवजी तिघेच खेळायला गेले असते. मग सुट्याची बेरीज ४०,००० अधिक १०,५००, म्हणजे ५०,५००. बिल ५६,०००. इथे पॅकेज महाग पडलं आणि गुणक एकाच्या वर जातो. म्हणजे न खेळणाऱ्याला नुसत्या राहण्यासाठी ५,००० पेक्षा जास्त द्यावे लागतात. हे होऊ देऊ नका. आधीच 'नाही' म्हटलेला माणूस कधीच त्याच्या सुट्या रकमेपेक्षा जास्त देणार नाही. वरचे ५,५०० ज्यांच्या हौसेसाठी पॅकेज घेतलं त्यांनी सोसायचे. किती जण गेले तर पॅकेज परवडतं हे बुकिंगआधीच काढता येतं: ५६,००० वजा ४०,००० म्हणजे १६,०००, त्याला ३,५०० ने भागलं की साडेचारच्या थोडं वर. म्हणजे किमान पाच. चारच असतील तर सुटं घ्या.

ही गोष्ट खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवी होती: 'नाही' कधी म्हटलं, यावर सगळं ठरतं. आमचे तिघे बुकिंगआधी बोलले होते आणि ते ग्रुपवर तारखेसकट दिसत होतं, म्हणून वाद वाढला नाही. पण समजा त्यांच्यातल्या एकाने आधी 'हो' म्हटलं असतं आणि खेळाच्या सकाळी अंग काढून घेतलं असतं, तर? त्याची जागा त्याच्या होकारावर घेतली गेली. त्यामुळे हिशेबात तो जाणाऱ्यांमध्येच धरायचा, मग तो पाण्यात उतरलेला असो वा नसो. सुट्याची बेरीज मग ६१,००० होते (दोघांचे १०,००० आणि सहाजणांचे ५१,०००). दोघांना ४,५९० आणि सहाजणांना ७,८०३ पडतात. दोन कमी पडतात, ते कुणीही द्यावेत. त्या एकाचा रकाना बदलला की त्याचे ४,८७० चे ७,८०३ होतात. एवढा फरक पडतो म्हणूनच आठवणीवर विसंबू नका. बुकिंगचे पैसे भरण्याआधी ग्रुपवर प्रत्येकाचं हो किंवा नाही नावानिशी घ्या आणि 'यानंतर बदललं तर पैसे लागतील' हे त्याच मेसेजात लिहा. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर बाकीच्यांनी आपखुशीने सोडून द्यावं, पण हिशेबात नियम एकच ठेवा.

आयोजकाने त्या एकाच्या जागेचे काही पैसे परत केले तर ते त्याच्याच रकमेतून वजा होतात, सगळ्यांत वाटले जात नाहीत. पावसामुळे खेळच रद्द झाला आणि परतावा आला तर तो मात्र खेळाच्या यादीत असलेल्या सगळ्यांचा.

काही खर्च 'सगळ्यांचा' म्हणून घुसतात, पण असतात खेळाचे: खेळाच्या जागेपर्यंत गाडीची जादा फेरी, तिथे गाडी थांबवल्याचे पैसे, शिकवणाऱ्याला दिलेलं बक्षीस, फोटो. पॅकेजबाहेर यांतलं जे दिलं असेल ते गेलेल्या पाचजणांतच वाटा. गाडी तशीही तिकडूनच परतणार होती, तर मात्र तो खर्च आठजणांचा.

शेवटचा टप्पा पैसे चुकते करण्याचा. आगाऊ २०,००० खेळायला गेलेल्या एकाने भरले होते, उरलेले ३६,००० न गेलेल्या एकाने. प्रत्येकाने भरलेले वजा त्याचा वाटा काढायचा. पहिल्याला ११,७२२ यायचे, दुसऱ्याला ३१,१३०. दोन्ही मिळून ४२,८५२. देणाऱ्या सहाजणांची बेरीज (चौघांचे ८,२७८ आणि दोघांचे ४,८७०) तेवढीच यायला हवी. नाही आली तर कुठेतरी एखादा माणूस चुकीच्या यादीत पडला आहे, तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोण कुणाला किती देणार याचं जाळं करू नका. आमच्याकडे सहाही जणांनी ३६,००० भरणाऱ्याला पैसे पाठवले आणि त्याने आगाऊ भरणाऱ्याला ११,७२२ दिले. सात व्यवहारांत आठजणांचा हिशेब संपला. पैसे मागताना फक्त रक्कम पाठवली नव्हती, वरच्या तीन ओळी आणि ऑफिसच्या कोटेशनचा मेसेजही सोबत जोडला होता. त्या रात्री कुणीही उलट विचारलं नाही.