एका कानासाठी फोन

"भाऊ, तुमचा एक कान बंद हाय, मंग मोबाईलवर तुमाले नीट कसं काय ऐकू येते? आमच्या पोरालेही तसंच हाय, त्याच्या फोनात काय चालू करू?"

सगळ्यात आधी Mono audio चालू करा. बाकीचं त्यानंतर, आणि तेही गरज असेल तरच.

लहानपणी गालगुंड झाले तेव्हा माझ्या डाव्या कानाची नस गेली. अशा कानाला आवाज कितीही मोठा करून दिला तरी काही पोचत नाही, म्हणून त्यात साधं श्रवणयंत्र बसवूनही फायदा नसतो. जे ऐकायचं ते उजव्या कानानंच. आता गाणी, सिनेमे, व्हिडिओ बहुतेक स्टिरिओ असतात, म्हणजे हेडफोनच्या डाव्या बोंडीचा आवाज वेगळा आणि उजव्या बोंडीचा वेगळा. उजवी बोंडी तेवढी कानात घातली की डाव्या बाजूला भरलेलं सगळं आपल्यासाठी नाहीसंच होतं. गाण्यात एखादं वाद्य हरवलं तर चालून जातं. बोलणारा माणूसच त्या बाजूला असला की मात्र पंचाईत.

यवतमाळ जिल्ह्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आईला घेऊन आला. त्याचाही डावा कान बंद. म्हणाला, "दादा, सर फळ्यावर लिहिते, तोंड हालते, पण आवाजच येत नाही. नुसती घरघर." आई म्हणाली, "नवा हेडफोन घेऊन देल्ला, त्याच्यातही तसंच." त्यांना वाटत होतं, पोराचा चांगला कानही आता जातो आहे. ती भीती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती आणि मला ती चांगली ओळखीची आहे.

मी त्याला एवढंच करायला सांगितलं, की डाव्या बाजूची बोंडी काढून उजव्या कानात घाल. सरांचा आवाज खणखणीत आला. म्हणजे कान ठीक, हेडफोन ठीक, फोनही ठीक. घोळ रेकॉर्डिंगचा होता. क्लासवाल्यांनी कॉलर माईक असा जोडला होता की सरांचा आवाज फक्त डाव्या बाजूला भरला गेला, आणि उजवीकडे नुसती घरघर राहिली. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्याला आवाज जरा एका अंगाला वाटतो, तो तक्रार करत नाही. त्यामुळे असे व्हिडिओ तसेच फिरत राहतात.

Mono audio चालू केलं की फोन दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून तोच दोन्ही बोंड्यांत सोडतो. सेटिंग प्रत्येक कंपनीच्या फोनात वेगळ्या पानावर असतं, पण Accessibility मध्येच असतं. सापडलं नाही तर Settings उघडून वरच्या शोधायच्या जागी mono टाइप करा. जवळच आवाजाची डावी-उजवी पट्टी दिसेल, ती मधोमध ठेवा. पुष्कळ जण ती पट्टीच चांगल्या कानाकडे ओढतात आणि काम झालं असं समजतात. तसं होत नाही. पट्टीनं दुसरी बाजू फक्त बारीक होते, तिथला आवाज इकडे येत नाही. त्या पोराच्या फोनात पट्टी मधोमधच होती, मोनो मात्र बंद. ते चालू केलं, सर बोलायला लागले. आवाज थोडा हलका वाटला, कारण एकाच बाजूचा आवाज दोघांत वाटला गेला होता.

क्वचित उलटंही घडतं. काही व्हिडिओंत माईकची जोडणी चुकलेली असते आणि दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांच्या बरोबर उलट भरलेले असतात. ते एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकतात आणि बोलणं गायब होतं किंवा पोकळ होतं. याची खूण सोपी आहे: मोनो चालू केल्यावर आवाज गेला आणि बंद केल्यावर परत आला, तर तो व्हिडिओ मोनो बंद ठेवूनच ऐकावा. फोनवरच्या साध्या बोलण्याला मोनोचा फरक पडत नाही, कॉल मुळातच एकेरी असतो. आणि आवाज कोणत्या दिशेनं आला हे मोनो सांगू शकत नाही, त्याला दोन कानच लागतात.

आता अक्षरांचं. Live Caption आणि Live Transcribe या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. Live Caption फोनच्या आत वाजणाऱ्या आवाजाची अक्षरं करतं. खोलीत पंखा फिरो की बाहेर ट्रॅक्टर उभा राहो, त्याला फरक पडत नाही, आणि भाषा एकदा उतरवून घेतली की नेटही लागत नाही. ज्या फोनात ते आहे तिथे बहुधा आवाजाचं बटण दाबल्यावर पट्टीखाली छोटं चिन्ह येतं. माझ्या फोनातल्या यादीत मराठी नाही, म्हणून मी ते इंग्रजी व्हिडिओंपुरतंच वापरतो.

Live Transcribe समोर बोलणाऱ्या माणसाचं लिहितं. त्यात मराठी आहे, पण मराठीसाठी नेट चालू लागतं. ग्रामसभेत मी नेहमी उजवा कान लोकांकडे करून कडेला बसतो, तरी माझ्या डावीकडून कोणी हळू बोललं की निसटतं. डोकंच आड येतं, आणि स, श, ट यांसारखे बारीक आवाज आधी गळतात. तेव्हा फोन त्या बोलणाऱ्यासमोर टेबलावर ठेवतो, माझ्यासमोर नाही. माईक तोंडाच्या जितका जवळ तितकी अक्षरं बरोबर. दोघं-तिघं एकदम बोलले, किंवा कोणी अस्सल वऱ्हाडीत भरभर सुरू झालं, की अक्षरांवर विसंबू नका. रक्कम, तारीख, गट नंबर तर पुन्हा विचारूनच लिहून घ्या. मी विचारतो, कोणी नाही म्हणत नाही.

श्रवणयंत्राशी फोन जुळतो की नाही, हा प्रश्न चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या कानातही यंत्र असेल तरच येतो. आमच्या भागात त्याची तक्रार एकच असते: फोन कानाला लावला की यंत्रात गर्रर्र. ती बहुतेक वेळा टूजीची असते. टूजीवर फोन सलग नाही, तर सेकंदाला 217 ठोक्यांनी लहरी सोडतो, आणि यंत्र ते ठोके आवाज म्हणून पकडतं. शेतात रेंज कमी झाली की फोन जास्त जोर लावतो, म्हणून गर्रर्र वाढते. फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्यातलंच गाणं लावून पाहा. गर्रर्र थांबली तर यंत्र बिघडलेलं नाही. मग VoLTE चालू करा, म्हणजे फोरजी असेल तिथे बोलणं त्यावरून होईल. तरीही त्रास झाला तर स्पीकर लावून फोन हातभर लांब धरा. यंत्रात टी-कॉइल, म्हणजे फोनचा आवाज चुंबकानं पकडणारी छोटी गुंडाळी असेल तर फोन ॲपच्या Settings मध्ये Accessibility खाली Hearing aids हे पाहा, ते चालू करून यंत्रही टी वर घ्या.

त्या पोराला शेवटी एवढंच सांगितलं, की अभ्यास घरी बोंडी घालून कर, पण फाट्यावरून चालताना ती काढून ठेव. तुझा एकच कान गाडीचा आवाज घेतो, त्यात बोंडी असली तर मागून येणारी एसटी कळायची नाही.