तीनशे नगांचा हिशेब

"सर, नॉर्मल लॉस असो की अॅबनॉर्मल, माल वायाच जातो ना? मग एकाचे इक्विव्हॅलंट युनिट शून्य आणि दुसऱ्याचे मोजायचे, असं का?"

कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये सीएमए इंटरची किंवा एम.कॉम.ची कुठलीही बॅच घ्या, प्रोसेस कॉस्टिंगच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला हे येतंच. "नियम आहे, पाठ करा" म्हटलं की पोरं गप्प बसतात आणि पुढच्या गणितात तिथेच अडकतात. म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. स्टेटमेंट कसं आखायचं ते तुम्हाला येतं, त्यात शिरत नाही.

आधी डोक्यातून एक काढा. नॉर्मल लॉसवर खर्चच झालेला नसतो म्हणून तो शून्य, असं बहुतेक जण धरून चालतात. खर्च पुरेपूर झालेला असतो. १०,००० नगांचं मटेरियल १,९४,००० रुपयांना मशीनवर चढवलं. पाच टक्के, म्हणजे ५०० नग, जाणारच हे आधीपासून माहीत होतं. ते भंगारात ८ रुपये नगाने गेले, ४,००० आले. उरले १,९०,०००. ही रक्कम उरलेल्या ९,५०० नगांनी उचलायची, म्हणजे नगाला २० रुपये. मूळ दर १९.४० होता. वरचे ६० पैसे म्हणजे त्या ५०० नगांचंच ओझं, भंगाराचे पैसे वजा जाऊन. नॉर्मल लॉस शून्य धरतात तो एवढ्यासाठी, की त्याचा खर्च इतरांच्या दरात आधीच बसलेला असतो.

आता हट्टाने ते ५०० नगही भाजकात घालून बघा. १,९०,००० भागिले १०,०००, दर १९. त्या दराने ९,५०० नग १,८०,५०० उचलतात आणि ९,५०० रुपये कोणाच्याच नावावर राहत नाहीत. प्रोसेस अकाउंट जुळत नाही आणि तुम्ही तासभर बेरजा तपासत बसता.

अॅबनॉर्मल लॉसचं उलटं आहे. याच गणितात ८,४०० नग पूर्ण होऊन पुढे गेले, ८०० अर्धवट राहिले. १०,००० मधून हे दोन आणि नॉर्मलचे ५०० वजा केले की ३०० उरतात. हे जायला नको होते. चांगल्या नगांत बसायला हवे होते, म्हणून त्यांनाही मटेरियलचा दर २० लागतो, १९.४० नाही. नॉर्मल लॉसचं ओझं उचलायला तेही रांगेत उभे असतात. आणि त्यांची किंमत चांगल्या मालावर पडू नये म्हणून ती वेगळ्या खात्यात काढून नफा-तोट्याला न्यायची. मोजल्याशिवाय वेगळी काढणार कशी? म्हणून त्यांचे इक्विव्हॅलंट युनिट काढायचे. एएस २ आणि इंड एएस २ सुद्धा असामान्य नासाडीचा खर्च साठ्याच्या किमतीत धरू देत नाहीत.

इथपर्यंत पोरांना पटतं. पुढचा प्रश्न मला जास्त छळतो: मोजायचे तर किती टक्के? उत्तरपत्रिकेत सरसकट शंभर ठोकलेलं असतं. मटेरियल सुरुवातीलाच पडत असेल तर मटेरियलला शंभर बरोबर आहे. लेबर आणि ओव्हरहेडला मात्र नग कुठल्या टप्प्यावर बाद झाला ते बघायचं. गणितात टक्के दिलेले असतात. दिले नसतील तर शंभर धरा आणि तसं गृहीत धरल्याचं खाली लिहा. कारखान्यात मात्र कोणी देत नाही.

वरचे आकडे मी शिकवण्यासाठी गोल केलेत, पण प्रकरण खरं आहे. शिकवायला लागण्यापूर्वी मी अंबडला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात कॉस्टिंगला होतो. नायलॉनचे छोटे भाग. मोल्डिंग, मग गेट, म्हणजे नगाला चिकटून आलेला प्लास्टिकचा देठ, कापणं, पितळी इन्सर्ट बसवणं, पॅकिंग, हे सगळं मिळून एकच प्रोसेस धरलेली. मोल्डिंगनंतर लगेच तपासणी. ती जागा चाळीस टक्क्यांवर येते असं प्रॉडक्शनवाल्यांनी लिहून दिलं होतं. महिनाअखेरचे ८०० नग तपासणी ओलांडून साठ टक्क्यांवर उभे होते. लेबर आणि ओव्हरहेड मिळून १,३५,०००.

जुलै होता. रात्री लाइट गेली, आली, मशीन सुरू झालं, हॉपर ड्रायर सुरू करायचा राहिला. नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं. तसे ओले दाणे मशीनमध्ये गेले की नगावर चंदेरी रेघा उठतात आणि तो ठिसूळ होतो. सकाळपर्यंत ३०० नग बाद.

बाद मालाची स्लिप महिन्याच्या शेवटी पॅकिंग विभाग करायचा, आणि पॅकिंगहून आलेला माल म्हणजे पूर्ण झालेला, अशी रीत होती. त्यामुळे माझ्या टेबलावर कागद आला तो "३०० नग, पूर्ण". पहिला तक्ता त्यावरच निघाला: लेबर-ओव्हरहेडचे ९,१८० युनिट, दर १४.७१, अॅबनॉर्मल लॉस १०,४१२ रुपये. तो मॅनेजरकडे गेला आणि त्याच दिवशी पॅकिंगच्या सुपरवायझरना बोलावणं आलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो.

काका माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. "भाऊ, माझ्याकडे आलेलाच नाही तो माल. क्रेट बघून ये." गेलो. बघितल्यावर शंकेला जागाच नव्हती. नगांना गेट तसेच चिकटलेले, इन्सर्टची भोकं रिकामी. हा माल तपासणीच्या पुढे एक पाऊल गेलेला नव्हता. मग लेबर-ओव्हरहेडला ३०० चे चाळीस टक्के, म्हणजे १२० युनिट. पूर्ण मालाचे ८,४००, अर्धवटचे ४८०, हे १२०, एकूण ९,००० आणि दर सरळ १५. अॅबनॉर्मल लॉस: मटेरियलचे ६,०००, लेबर-ओव्हरहेडचे १,८००, मिळून ७,८००. भंगाराचे २,४०० वजा जाता ५,४०० नफा-तोट्याला. आणि हे २,४०० अॅबनॉर्मल लॉसच्या खात्यातच जमा करायचे, मटेरियलच्या किमतीतून वजा करायचे नाहीत. तिथे फक्त नॉर्मलचे ४,०००. निम्मा वर्ग इथे घसरतो.

मीटिंगमध्ये मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "परवा दहा हजार चारशे, आज सात हजार आठशे. अडीच हजार गेले कुठे?" मी सांगितलं, चांगल्या आणि अर्धवट मालावर गेले, जिथे ते आधीपासून असायला हवे होते. "पण दोन्ही कागदांची बेरीज ३,२५,००० च येते. मग खरा कुठला?" याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, क्रेट. टक्केवारी कुठलीही घाला, खर्च तेवढाच असतो, फक्त वाटणी बदलते. त्यामुळे टॅली झालेलं खातं टक्केवारी बरोबर असल्याचं काहीच सांगत नाही. चला, क्रेट दाखवतो म्हणालो. कोणी उठलं नाही.

मग तो म्हणाला, "पाचाचे आठ टक्के करून टाक. भानगडच मिटते." मी तिथेच मांडून दाखवलं. सगळे ८०० नग नॉर्मल धरले, भंगाराचे ६,४०० वजा केले, तर पूर्ण नगाचा खर्च ३५ चा ३५.५९ होतो. "एकोणसाठ पैसे!" तो हसला. मी म्हटलं, हे एकोणसाठ पैसे म्हणजेच ते ५,४०० आहेत, ४,९९० तयार मालात आणि ४१० अर्धवट मालात जाऊन बसलेत. विकला न गेलेला माल तेवढ्याने फुगून ताळेबंदात दिसेल, आणि ड्रायर बंद राहिल्याचं कुठल्याही कागदावर उरणार नाही. त्यावर त्याने घड्याळ बघितलं.

काकांचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला. माझा दुसरा कागद फाइलला लागलेला असूनही. कारण विचारलं तर "स्लिप तुमच्याच विभागाची" एवढंच. ऑगस्टच्या तक्त्यात नॉर्मल लॉस आठ टक्के छापून आला.

तेव्हाच्या मला ठाम वाटायचं की अॅबनॉर्मल लॉस अचूक काढला की न्याय आपोआप होतो. आज त्याच्याशी माझं पटत नाही. चाळीस टक्के हा आकडा नग कुठे अडला ते सांगतो. ड्रायरचं बटण कोणाचं होतं, रात्रपाळीचं की मेंटेनन्सचं, हे त्यात नसतं. आणि मॅनेजरची एक गोष्ट, मला आवडत नसली तरी, अगदीच टाकाऊ नव्हती: "दर जुलैला लाइट जाते. दर जुलैला होतं ते अॅबनॉर्मल कसं?" मी तेव्हा म्हणालो होतो की लाइट जाणं आपल्या हातात नाही, ड्रायर लावणं आहे, आणि नॉर्मल म्हणजे नीट काम करूनही जे टळत नाही तेवढंच. हे मी अजूनही म्हणतो. पण वर्षानुवर्षं तसंच होत असेल तर पाच टक्के हा अंदाजच कोणीतरी फार आशेने बांधला होता का, याचं उत्तर मला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये मी सहसा काढत नाही, तास संपणार नाही म्हणून. लेबर आणि ओव्हरहेडला मी एकच चाळीस लावला होता, कारण प्रॉडक्शनकडून आलेला आकडा एकच होता. पण त्या प्रोसेसमध्ये माणसं जास्त लागायची ती गेट कापायला आणि इन्सर्ट बसवायला. वीज आणि मशीनचा घसारा जवळपास सगळा मोल्डिंगवर जायचा. म्हणजे तपासणीपाशी पोचलेल्या नगावर ओव्हरहेड चाळीसपेक्षा बरंच जास्त चढलेलं असणार आणि लेबर कमी. दोन्ही वेगळे मोजले असते तर ७,८०० हा आकडाही बदलला असता, अर्धवट मालाचाही, आणि मॅनेजरपुढे तिसरा कागद गेला असता.