काजवे बघायला निघण्याआधी संकष्टी बघा

साताऱ्याहून बामणोलीकडे किंवा कोयनेच्या बाजूला काजवे बघायला जायची तारीख मी शनिवार-रविवार बघून ठरवत नाही. आधी कॅलेंडरमध्ये संकष्टीचा चंद्रोदय बघतो. काजव्यांचा भर साधारण साडेसात ते दहा. तेवढा वेळ आकाशात चंद्र नको, आणि संकष्टीला तो दहाच्या आसपास उगवतो. त्यानंतर रोज पाऊण-एक तास उशीर होत जातो, म्हणजे संकष्टीपासून अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांपर्यंतची संध्याकाळ चालते.

२०२६ चं घ्या. पौर्णिमा ३१ मेला, संकष्टी ३ जूनला, अमावास्या १५ जूनला. पण मॉन्सून साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घाटावर चढतो आणि मुसळधार पावसात काजवे उडत नाहीत. मग हाताशी उरतात ३ जूनपासूनचे चार-पाच दिवस. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता, त्यामुळे तेवढ्यावरही भरवसा ठेवू नये.

म्हणून मुक्कामाची चौकशी आधी करतो, पैसे मात्र दोन दिवस आधी भरतो. त्या वेळी गावातल्या घरमालकाला फोनवर विचारायचं: वळीव होऊन किती दिवस झाले? संध्याकाळी वारा सुटतो का? झाड भरतंय की काजवे तुरळक आहेत? "काजवे आहेत" एवढ्या उत्तरावर निघू नये, कारण हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटीही चार-दोन दिसतातच. वळीव झालेला, हवा दमट आणि पडलेली, झाड एका लयीत उघडझाप करतंय, असं असेल तर निघायचं.

पोचायचं उजेडात, आणि गाडी परतीच्या तोंडाने लावायची. अंधारात रिव्हर्स घेतला की मागचे दिवे झाडावर पडतात. गाडी लॉकही किल्लीनेच करावी; रिमोट दाबला की इंडिकेटर लुकलुकतात आणि तेच सगळ्यात वाईट. नर उडताना चमकतो, मादी बहुतेक खाली गवतातून किंवा झुडपातून उत्तर देते. मध्ये दुसरा उजेड आला की दोघांची चुकामूक होते, आणि प्रौढ काजव्याच्या हातात दोन-तीन आठवडेच असतात.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधून तो पायाशीच धरायचा. मोबाइल खिशात. डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. एकाने स्क्रीन उघडली की सगळ्यांची वीस मिनिटं पुन्हा सुरू. फोटो हवाच असेल तर ट्रायपॉड, फ्लॅश बंद, तीस सेकंदांचं एक्स्पोजर.

रस्ता सोडून झाडाखाली जाऊ नये. पाचोळ्यात माद्या आणि अळ्या असतात, शिवाय या भागात रात्री गवे निघतात. अभयारण्याच्या हद्दीत रात्री प्रवेश नाही; कुणी पैसे घेऊन "आत नेतो" म्हणाला तरी नको.