नॉर्मल छातीचा एक्स-रे: कडेवर बोट ठेवून

“सर, न्यूमोनिया किंवा छातीतलं पाणी दाखवलं तर ओळखता येतं. पण नॉर्मल फिल्म हातात दिली की अर्ध्या मिनिटात बोलणं संपतं. नॉर्मल आहे हे म्हणायचं कशावरून?”

कडांवरून. फुफ्फुसात हवा असते म्हणून ते काळं दिसतं. हृदय, डायफ्रॅम, यकृत, रक्तवाहिन्या हे सगळे जवळपास पाण्याच्या घनतेचे, म्हणून एकाच करड्या-पांढऱ्या रंगाचे. काळ्याला पांढरं भिडतं तिथेच रेघ उमटते. हृदयाची उजवी कड दिसते ती तिला टेकलेल्या फुफ्फुसात हवा आहे म्हणून. तिथली हवा जाऊन पू भरला तर पांढऱ्याला पांढरं भिडतं आणि कड पुसली जाते. त्यामुळे दिसणारी प्रत्येक कड शेजारच्या फुफ्फुसाची साक्ष देत असते, आणि नॉर्मल फिल्म वाचणं म्हणजे या साक्षी एकेक करून नोंदवणं.

एक फिल्म समोर धरू. २४ वर्षांची मुलगी, इंदुरातच नोकरीला लागण्याआधीची तपासणी, ताप-खोकला काही नाही. पीए व्ह्यू, म्हणजे छाती प्लेटला टेकवून उभी, किरण पाठीकडून, ट्यूब साधारण सहा फुटांवर. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते प्लेटच्या जवळ आलं की सावली फार मोठी पडत नाही. हीच मुलगी खाटेवर झोपून समोरून काढलेल्या फिल्ममध्ये मोठ्या हृदयाची वाटली असती.

आधी फिल्म वाचण्याजोगी आहे का ते पाहा. नाव, तारीख आणि बाजूची खूण बघा. खूण नसली तर हृदयाचं टोक डावीकडे आहे म्हणून ती डावी, असं ठरवू नका. हृदय उजवीकडे असलेला माणूस नेमका तिथेच निसटतो. मग दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं आणि मधल्या मणक्याचा स्पायनस प्रोसेस यांतलं अंतर मोजा. या फिल्ममध्ये उजवीकडे १८ मिलिमीटर, डावीकडे २०. एवढा फरक चालतो. तो फार वाढला तर अंग वळलेलं होतं, आणि वळलेल्या फिल्ममध्ये श्वासनलिका सरकल्यासारखी, एक फुफ्फुस जास्त काळं आणि एक हायलम फुगल्यासारखा दिसतो. विद्यार्थ्यांचे निम्मे खोटे शोध इथेच जन्मतात.

श्वास किती घेतला ते बरगड्या मोजून कळतं. मागच्या बरगड्या आडव्या असतात, पुढच्या तिरक्या खाली उतरतात आणि मधेच संपतात, कारण पुढचं कूर्चाचं टोक तरुणपणी फिल्मवर दिसत नाही. क्लॅव्हिकलच्या मध्यावरून सरळ खाली या. इथे उजव्या डायफ्रॅमला पुढची सहावी बरगडी छेदते, आणि डायफ्रॅमच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता येतात. श्वास पुरेसा आहे. आपल्याकडे एक्स-रेच्या खोलीत “साँस भरो… रोको” म्हणतात, पण गडबडीत माणूस अर्धाच श्वास घेतो. पुढच्या चारच बरगड्या मोजता आल्या, तर तळाची फुफ्फुसं दाटून धुरकट दिसतात, हृदय आडवं पसरतं आणि बिचाऱ्या रोग्यावर न्यूमोनियाचा शिक्का बसतो.

आता श्वासनलिका. मानेतून उतरणारा काळा पट्टा क्लॅव्हिकलच्या मधून खाली येतो. तो मधोमध असावा. खाली एओर्टाच्या कमानीपाशी किंचित उजवीकडे झुकला तर ते नॉर्मलच, डावीकडून कमान त्याला ढकलते. पट्ट्याच्या उजव्या भिंतीवरून बोट उतरवा. तिथे बारीक पांढरी रेघ दिसते, जाडी चार मिलिमीटरपेक्षा कमी. ती जाड झाली तर शेजारच्या लसिकाग्रंथींचा विचार करायचा. पाचव्या मणक्याच्या आसपास पट्टा दुभंगतो, तो कॅरिना. उजवी मुख्य श्वासनळी रुंद, आखूड आणि उभी. डावी लांब आणि जास्त आडवी. लहान मुलाने गिळताना श्वासात ओढलेला शेंगदाणा बहुतेकदा उजवीकडे का जातो, ते या फिल्मवर नुसतं पाहूनच पटतं.

दोन्ही श्वासनळ्यांच्या बाजूला हायलम आहेत. मुख्यतः फुफ्फुसाच्या रोहिण्या, सोबत वरच्या भागातून येणाऱ्या शिरा. डावा हायलम उजव्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर वर असतो, क्वचित दोन्ही एका पातळीवर. उजवा वर दिसला तर थांबा: एक तर उजवा वरचा लोब आकसून त्याला ओढतोय, नाही तर डावा खालचा लोब आकसून डाव्याला खाली खेचतोय. आपल्या फिल्ममध्ये डावा वर आहे, दोन्हींचा पांढरेपणा सारखा आहे आणि बाहेरची कड आत वळलेली आहे. ती बाहेर फुगलेली असती तर पुढची तपासणी लागली असती.

फुफ्फुसं बघताना आधी एक आणि मग दुसरं, असं करू नका. दोन्हीकडे एका उंचीवर नजर ठेवून जिना उतरल्यासारखं वरून खाली या. पुढच्या दुसऱ्या बरगडीच्या वर वरचा भाग, दुसरी ते चौथी मधला, खाली खालचा. यांना लोब म्हणू नका. खालचा लोब मागून बराच वर चढतो, त्यामुळे मधल्या भागातली सावली खालच्या लोबची असू शकते. प्रत्येक पायरीवर रक्तवाहिन्यांच्या फांद्या पाहा: हायलमपाशी जाड, बाहेर जाता-जाता बारीक, बाहेरच्या कडेच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये जवळजवळ दिसेनाशा. उभ्या माणसात खालच्या वाहिन्या वरच्यांपेक्षा जाड असतात. उजवीकडे मध्यावर केसाएवढी आडवी पांढरी रेघ दिसते, ती आडवी फिशर. सगळ्यांत ती दिसत नाही, न दिसणं हा दोष नाही.

या मुलीच्या फिल्ममध्ये दोन गोष्टी डोळ्यात भरतात. उजव्या टोकावर, क्लॅव्हिकलच्या वर, बोटभर रुंदीचा धूसर पांढरा पट्टा आहे. वरच्या भागातली सावली म्हटलं की टीबीच मनात येतो. पण पट्ट्याच्या कडेवर बोट ठेवून वर जा. ती फुफ्फुसाच्या टोकाशी थांबत नाही, मानेवर तशीच चढते, आणि आत पिळासारखी आडवी वळणं दिसतात. जी कड फुफ्फुसाची हद्द ओलांडते ती फुफ्फुसातली नव्हे. ही खांद्यावर पडलेली वेणी. दुसरी गोष्ट, दोन्हीकडे तळाशी पाचव्या बरगडीजवळ सात-आठ मिलिमीटरचे गोल ठिपके. दोन्ही एका पातळीवर, बाहेरची कड ठळक, आतली विरळ: स्तनाग्रं. एकाच बाजूला दिसला असता, तर ठिपक्यावर धातूची खूण चिकटवून फिल्म पुन्हा काढायची. खूण आणि ठिपका जुळले की प्रश्न मिटला. खालचे भाग दोन्हीकडे सारखेच थोडे पांढुरके आहेत, ते स्तनांमुळे.

डायफ्रॅमवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. उजवा घुमट डाव्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर वर असतो. यकृतामुळे वर, असं बरेच जण लिहितात; जास्त खरं कारण डावीकडे बसलेलं हृदय, ते डावा घुमट खाली दाबतं. उजव्या घुमटाची कड बाहेरून आत अखंड नेता येते, म्हणजे त्याला टेकलेला उजवा खालचा लोब हवेने भरलेला आहे. डाव्याची बाहेरची कड तशीच दिसते, पण हृदय जिथे त्याच्यावर बसतं तिथे पुढची कड पुसते. पांढऱ्यावर पांढरं, ते नॉर्मल. मागची कड मात्र हृदयाच्या सावलीतून मणक्यापर्यंत दिसलीच पाहिजे. तिथे बोट अडखळलं तर डावा खालचा लोब हृदयामागे लपून बिघडलेला आहे का, हे पाहायचं. कॉम्प्युटरवर असाल तर उजेड बदलून हृदयाच्या आत डोकावा. मोबाईलवर आलेल्या फोटोत ही कड सहसा मरते, म्हणून नुसत्या फोटोवरून हृदयामागचं सगळं ठीक आहे असं सांगू नका.

घुमटाची बाहेरची टोकं सुरीच्या टोकासारखी तीक्ष्ण हवीत. पण टोक तीक्ष्ण आहे म्हणून पाणी अजिबात नाही असं ठरत नाही. उभ्या पीए फिल्मवर हा कोन बोथट व्हायला साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी लागतं. त्याहून कमी असेल तर बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये ते मागच्या खोल कोनात आधी दिसतं.

घुमटाखाली डावीकडे जठरातली हवा दिसते, खाली सपाट पातळी. सकाळी पोहे-जलेबी हाणून आलेल्याच्या फिल्ममध्ये ती हमखास असते. उजवीकडे यकृत आणि डायफ्रॅम यांच्यामध्ये काळी चंद्रकोर दिसली तर पोटात मोकळी हवा आहे, ती शस्त्रक्रियेची घाई असू शकते. मोठ्या आतड्याची वेटोळी तिथे शिरली तरी काळं दिसतं, पण त्यात आडव्या घड्या दिसतात.

आता हृदयाच्या कडा. मधल्या उभ्या रेषेपासून उजवीकडे सगळ्यात दूरच्या बिंदूपर्यंत ३.९ सेंटिमीटर, डावीकडे ८.२, एकूण १२.१. छातीची आतली रुंदी सर्वांत रुंद जागी २६.४. गुणोत्तर सुमारे ४६ टक्के, पीए फिल्मवर ५० च्या आत, ठीक. उजवी कड स्पष्ट, म्हणजे उजवा मधला लोब ठीक. डावी स्पष्ट, म्हणजे लिंग्युला ठीक. वरची एओर्टाची गाठ ठळक, म्हणजे डाव्या वरच्या लोबचा मागचा भाग ठीक.

शेवटी फिल्मच्या कडेने फेरी मारा. फुफ्फुसांची टोकं, प्रत्येक बरगडी, खांदे, काखा, मान. स्कॅप्युलाची आतली कड फुफ्फुसावर पडली की ती न्यूमोथोरॅक्सच्या रेघेसारखी भासते. दोन गोष्टी पाहा: खऱ्या रेघेच्या पलीकडे रक्तवाहिन्या नसतात, आणि स्कॅप्युलाची कड फुफ्फुसाबाहेर हाडापर्यंत नेता येते.

या मुलीचा रिपोर्ट असा: पीए व्ह्यू, वळण नाही, श्वास पुरेसा. श्वासनलिका मध्यभागी. दोन्ही हायलम नॉर्मल. वेणीखालचा भाग सोडून फुफ्फुसं स्वच्छ. दोन्ही घुमट आणि कॉस्टोफ्रेनिक कोन स्पष्ट, हृदयामागची डावी कड दिसते. हृदयाचा आकार नॉर्मल. हाडं नॉर्मल. उजव्या टोकावर वेणीची सावली. केस वर बांधून फिल्म पुन्हा काढावी, कारण वेणीखालचं फुफ्फुस कुणालाच दिसलेलं नाही.